‘हॅलोजन-फ्री’ केबल जळत नाही म्हणे!

गेल्या महिन्यात एका मित्राने ऑफिसात नेटवर्कच्या नव्या केबल टाकून घेतल्या. काम झाल्यावर मला कौतुकाने म्हणाला, “महागातली घेतली रे, हॅलोजन-फ्री. ही जळतच नाही!” उरलेला तुकडा त्याने माझ्या हातात ठेवला. घरी माझ्याकडे जुन्या केबलचा एक तुकडा पडलाच होता. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि भिंग घेऊन त्यांच्या अंगावरच्या ओळी वाचायला बसलो.

```
CAT6 U/UTP 4PR 23AWG CMR 75C 0171M
CAT6 U/UTP 4PR 23AWG LSZH IEC 60332-1 0217M
```

शेवटचा आकडा सगळ्यात सोपा. तो मीटरचा, आणि दर मीटरला एकाने बदलतो. टाकलेल्या केबलच्या एका टोकाला ०१७१ आणि दुसऱ्या टोकाला ०२१७ दिसलं, तर भिंतीत गेली ती ४६ मीटर. टेप धरून फिरायची गरज नाही.

२३ एडब्ल्यूजी म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेची जाडी. हे अमेरिकी माप उलटं चालतं: आकडा वाढला की तार बारीक. तार छिद्रांतून ओढून बारीक करतात, जितक्या वेळा ओढाल तितका आकडा मोठा, असा त्याचा उगम. आकडा सहाने वाढला की व्यास जवळपास निम्मा होतो. २३ म्हणजे ०.५७ मिलिमीटर, आणि अशा तारेचा विद्युतरोध किलोमीटरला सुमारे ६७ ओहम. मात्र हा आकडा धातूबद्दल काहीच सांगत नाही. तांब्याचा पातळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही ०.५७ मिलिमीटरची असू शकते. म्हणून त्या ४६ मीटरच्या एका जोडीच्या दोन तारा लांबच्या टोकाला एकमेकींना जोडायच्या आणि जवळच्या टोकाला मल्टिमीटर लावायचा. जाऊन-येऊन ९२ मीटर झाले. अस्सल तांबं असेल तर सहा-साडेसहा ओहम दिसतील. नऊ-दहा दिसले, तर ब्लेडने तार खरवडा. आतून पांढरी निघेल.

(काही महागड्या ऑडिओ केबलवर बाण छापलेला असतो, ‘आवाज या दिशेने नीट वाहतो’ म्हणून. ध्वनीचा विद्युतप्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो, त्याला बाण कोण वाचून दाखवणार? बाणाला अर्थ उरतो तो फक्त बाहेरची जाळी एकाच टोकाला जोडलेली असेल तेव्हा.)

आता मुद्द्याची अक्षरं. सीएमआर ही आग किती पसरते याच्या दर्जाची खूण. त्यातला ‘आर’ म्हणजे रायझर, मजले भेदत वर जाणारा उभा शाफ्ट. त्याची चाचणीही उभीच होते. शाफ्टमध्ये केबल टांगून खालून अर्धा तास ज्वाला देतात, आणि आग १२ फुटांवर पोहोचता कामा नये. धुराची अट मात्र नाही. त्याच्या वरची पायरी सीएमपी, म्हणजे प्लेनम: खोट्या छताच्या वरची किंवा उचललेल्या फरशीखालची पोकळी, जिथून एसीची हवा फिरते. तिथे धूर झाला तर ती हवा तो सगळ्या खोल्यांत पोहोचवणार. म्हणून ही चाचणी २५ फुटी आडव्या बोगद्यात, वारा सोडून, २० मिनिटं चालते. आग पाच फुटांपलीकडे सरकायची नाही आणि धुराचा दाटपणाही मोजला जातो. प्लेनमची केबल रायझरमध्ये चालते, उलट चालत नाही.

एलएसझेडएच म्हणजे धूर कमी, हॅलोजन शून्य. हॅलोजन म्हणजे क्लोरीन, फ्लोरीन यांच्या घराण्यातली मूलद्रव्यं. तो या शिडीवर कुठे बसतो? कुठेच नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो: आग पसरेल का हा प्रश्न नाही, जळताना बाहेर काय पडेल हा आहे.

नेहमीची केबल असते पीव्हीसीची. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. तापल्यावर ते हायड्रोजन क्लोराइड होऊन सुटतं आणि ज्वालेतल्या साखळी अभिक्रिया तोडतं, त्यामुळे पीव्हीसी स्वतःची आग बऱ्यापैकी विझवतं. पण तोच वायू ओलाव्याला भेटला की हायड्रोक्लोरिक आम्ल होतो. मग तो डोळ्यांत असो, फुप्फुसात असो, नाहीतर सर्किटवर. २७ फेब्रुवारी १९७५ ला न्यूयॉर्कच्या एका टेलिफोन एक्स्चेंजच्या तळघरात केबलना आग लागली आणि पीव्हीसीचा दाट धूर वरच्या मजल्यांवर चढला. दीड लाखाहून जास्त फोन बंद पडले आणि पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले.

हॅलोजन काढून टाकलं की आग विझवणारा गेला, मग ते काम करायचं कोणी? इथेच मला या केबलचं खरं कौतुक वाटतं. तिचं आवरण पॉलिइथिलीनसारख्या प्लास्टिकचं असतं, जे एरवी मेणबत्तीसारखं जळेल. त्यात वजनाने सुमारे ६० टक्के ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पांढरी भुकटी कालवतात. साधारण २०० अंशांवर ती फुटते आणि तिच्या वजनाचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग पाणी होऊन बाहेर पडतो. माझ्या तुकड्याचं आवरण मीटरला अंदाजे १४ ग्रॅम धरलं, तर भुकटी साडेआठ ग्रॅम आणि पाणी तीन ग्रॅमच्या आसपास. अर्धा चमचा झाला! पण वाफ होताना त्याचे जवळपास पाच लिटर होतात. ती वाफ ज्वालेतला ऑक्सिजन पातळ करते, फुटण्याची क्रिया स्वतः उष्णता शोषते, आणि मागे उरलेला ॲल्युमिनाचा पांढरा थर कवचासारखा बसतो. म्हणजे कोरड्या प्लास्टिकमध्ये पाणी साठवून ठेवलंय म्हणा ना.

याची किंमतही मोजावी लागते. एवढी भुकटी कालवल्यावर आवरण ताठर होतं, ओढताना सहज खरवडतं, तीव्र वळणावर तडकतं. आणि पाणी संपलं की उरतं ते जळणारं प्लास्टिक. म्हणून एलएसझेडएचच्या पुढचा आयईसीचा आकडा वाचायला हवा, तो केबल कुठल्या आग-चाचणीत उतरली ते सांगतो. ६०३३२-१ मध्ये ६० सेंटिमीटरचा एकच तुकडा उभा टांगून पेटवतात. ६०३३२-३ मध्ये साडेतीन मीटर लांबीच्या केबलचा जुडगा शिडीवर बांधून पेटवतात. एकटी केबल विझते, पण जुडग्यात एकीची उष्णता दुसरीला पेटवते. मित्राच्या तुकड्यावर ‘-१’ होतं, आणि त्याच्या शाफ्टमध्ये चाळीस केबल एकत्र आवळलेल्या आहेत. ‘जळतच नाही’ कुठलं! हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला.

आता छापलेलं खरं आहे का, हे कसं कळायचं? रसायनशाळेतली एक जुनी युक्ती आहे. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्वालेत लाल करायची, ज्वाला रंगहीन होईपर्यंत. मग तिने आवरणाला हलकासा स्पर्श करायचा आणि तार परत ज्वालेत धरायची. क्लोरीन असेल तर ज्वाला हिरवीगार होते, कारण तांब्याचं क्लोराइड वाफ होऊन उडतं. धूर विषारी असतो, तेव्हा नखाएवढाच तुकडा घ्या आणि उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा. मागे एकदा एलएसझेडएच छापलेला एक तुकडा माझ्या हाती आला होता, त्याने मोरपिशी हिरवा उजेड पाडला होता. मित्राच्या तुकड्याची ज्वाला पिवळीच राहिली.

ही युक्ती एका ठिकाणी फसते. सीएमपी केबलच्या आतल्या तारांवर सहसा एफईपी नावाचं फ्लोरीनवालं प्लास्टिक असतं. फ्लोरीन हेही हॅलोजनच, आणि आगीत त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतं. पण तांब्याचं फ्लोराइड उडत नाही, त्यामुळे ज्वालेला हिरवा रंग येत नाही.