ढोबळ नफा, परिचालन नफा आणि निव्वळ नफा

नफा-तोटा पत्रकात विक्रीच्या रकमेतून खर्च टप्प्याटप्प्याने वजा होत जातो. मालाचा उत्पादनखर्च वजा केला की ढोबळ नफा उरतो, त्यातून धंदा चालवण्याचा खर्च गेला की परिचालन नफा, आणि व्याज व कर भागवल्यावर निव्वळ नफा.

सोलापुरात टॉवेल विणणाऱ्या एका भागीदारी कारखान्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. वर्षाची विक्री 1 कोटी. सूत 60 लाख, रंगाई 9 लाख, विणकरांची मजुरी 11 लाख आणि मागांची वीज 5 लाख जाऊन ढोबळ नफा 15 लाख राहतो. शेडचे भाडे, दिवाणजीचा पगार, वाहतूक, दलाली आणि मागांचा घसारा मिळून 8 लाख. परिचालन नफा 7 लाख. बँकेचे व्याज 4 लाख दिल्यावर 3 लाख उरतात. त्यावर 30 टक्के आयकर व करावर 4 टक्के उपकर, म्हणजे 93,600 रुपये गेले की निव्वळ नफा 2,06,400.

आता सूत 10 टक्क्यांनी महागले आणि टॉवेलचा भाव वाढवता आला नाही, तर ढोबळ नफा थेट 9 लाखांवर येतो. परिचालन नफा 1 लाख, आणि व्याज देताच 3 लाखांचा तोटा. दुसऱ्या एखाद्या वर्षी सूत स्थिर असते, पण व्यापारी पैसे उशिरा देतात, कॅश क्रेडिटची उचल वाढते आणि व्याज 7 लाख होते. तेव्हा ढोबळ व परिचालन नफा जागच्या जागी राहतात, निव्वळ मात्र शून्यावर येतो. पहिल्या दुखण्यावर सूतखरेदीत किंवा भावात उपाय शोधायचा, दुसऱ्यावर उधारीच्या वसुलीत. नुसती शेवटची ओळ वाचणाऱ्याला हा फरक कळत नाही.

ढोबळ नफ्याचा कच्चा दुवा म्हणजे अखेरचा साठा. वापरलेले सूत काढताना सुरुवातीच्या साठ्यात खरेदी मिळवून 31 मार्चचा साठा वजा करतात, आणि न विकलेल्या टॉवेलांचा साठाही असाच खर्चातून वजा होतो. गोदामातले रंग उडालेले टॉवेल पूर्ण किमतीला धरून साठा 4 लाखांनी फुगवला, तर ढोबळ नफाही तेवढाच फुगतो आणि पुढच्या वर्षी तेवढाच खाली येतो, कारण तोच साठा तेव्हा सुरुवातीचा असतो. म्हणून साठा उत्पादनखर्च किंवा विकून हाती येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल त्या किमतीला धरतात. सुताचा किंवा टॉवेलचा भाव हलला नसताना ढोबळ नफ्याची टक्केवारी उडी मारत असेल, तर आधी साठ्याची यादी मागवावी.

परिचालन नफ्याची फसगत वेगळी, आणि घरगुती कारखान्यात ती नेहमीची. शेड स्वतःची, हिशेब मुलगा लिहितो, माल बायको तपासते. भाडे आणि पगार कुठेच लागत नाहीत. असा 7 लाखांचा नफा भाड्याच्या शेडमधल्या कारखान्याच्या 7 लाखांशी ताडून पाहता येत नाही.