सोलरचे पैसे किती वर्षांत सुटतील? कोटेशनआधी वीजबिल नीट वाचा

सिंहगड रस्त्यावरच्या बैठ्या घरात राहणाऱ्या आमच्या एक काकू गेल्या महिन्यात कोटेशन घेऊन आल्या. तीन किलोवॅटचं सोलर, खर्च 1,95,000 रुपये, सबसिडी 78,000, म्हणजे खिशातून 1,17,000. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं, "अडीच वर्षांत पैसे वसूल." काकूंनी विचारलं, "अरे, हे खरं का?" मी म्हटलं, बिल दाखवा.

सबसिडीचा हिशेब सोपा आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 मिळतात. त्यापुढे कितीही मोठं बसवा, 78,000 च्या वर एक रुपया येत नाही. घर स्वतःचं, छत वापरण्याजोगं, वीजजोडणी चालू आणि आधी सोलरची सबसिडी घेतलेली नसेल, तर अर्ज pmsuryaghar.gov.in वर ग्राहक क्रमांक टाकून करता येतो. लोक अडतात ते पैसे सुटण्याच्या हिशेबात आणि पुढे कागदांत.

विक्रेत्याचा हिशेब असा होता. काकूंचं वर्षाचं बिल भागिले वर्षाची युनिट्स, म्हणजे सरासरी युनिट साधारण 11 रुपये 30 पैशांना. पुण्यात एक किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, म्हणून तीन किलोवॅटची महिन्याला 360 युनिट्स. दोन्हींचा गुणाकार केला की महिन्याला चार हजारांच्या वर बचत दिसते. गुणाकार बरोबर आहे, पण त्यात दोन गफलती आहेत.

पहिली अशी की काकू महिन्याला 360 युनिट्स वापरतच नाहीत. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो कुणी बघत नाही. काकूंच्या बारा महिन्यांची बेरीज आली 2,520, म्हणजे महिन्याला सरासरी 210. एप्रिल-मे मध्ये कूलरमुळे जास्त, डिसेंबरात कमी. एका महिन्याच्या बिलावरून सोलरचा आकार ठरवणारे इथेच फसतात, आणि नेमकं मे महिन्याचं बिल हातात असतं तेव्हाच सोलरची आठवण होते.

दुसरी गफलत सरासरी दराची. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिली 100 युनिट्स स्वस्त, 101 ते 300 बरीच महाग, त्यापुढे आणखी महाग. सोलर बिलातली युनिट्स वरून, म्हणजे महाग टोकाकडून कमी करत जातं. सोयीसाठी वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या टप्प्याला 6 रुपये आणि दुसऱ्याला 12 रुपये धरू. तुम्ही मात्र स्वतःच्या बिलावरचे दर घ्या, कारण ते बदलत असतात आणि इंधन समायोजन आकारही वरखाली होतो. त्यावर 16 टक्के वीज शुल्क.

आता किलोवॅट एकेक करून बघू. पहिला किलोवॅट महिन्याला 120 युनिट्स देतो. त्यातली 110 बारा रुपयांची आणि 10 सहा रुपयांची वाचतात. शुल्क धरून 1,600 रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे 19,200. बाजारात 80,000 ला बसला तर सबसिडी जाऊन 50,000 उरतात, ते अडीच वर्षांच्या थोडं पुढे सुटतात.

दुसऱ्या किलोवॅटला वाचवायला फक्त स्वस्तातली 90 युनिट्स उरतात. बचत महिन्याला 626 रुपये. दोन किलोवॅटचं कोटेशन 1,40,000 चं होतं, म्हणजे पहिल्यापेक्षा निव्वळ 30,000 जास्त. ते सुटायला चार वर्षं. दोन्ही मिळून 80,000 खर्च, वर्षाची बचत 26,700, म्हणजे तीन वर्षं. तिसऱ्या किलोवॅटसाठी बिलात वाचवण्यासारखं काही शिल्लकच नाही. 37,000 जास्त घालायचे आणि बचत तेवढीच, त्यामुळे तीन किलोवॅटला अडीच नाही, जवळजवळ साडेचार वर्षं लागतात. स्थिर आकार तर सोलरनंतरही भरावाच लागतो. तो आणि त्यावरचं शुल्क धरून दीडशेच्या आसपास बिल येत राहणार.

"जास्तीची वीज महावितरणला विकू," हे वाक्य प्रत्येक जण ऐकवतो. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे महावितरणला दिलेली युनिट्स तुमच्या वापरातून वजा होतात त्या पद्धतीत, जास्तीची युनिट्स पुढच्या महिन्यात वळती होतात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. 31 मार्चला जी शिल्लक उरते तिला तुमच्या बिलाचा दर मिळत नाही, त्यापेक्षा बराच कमी ठरावीक दर मिळतो. आणि पुण्यात शिल्लक साचते ती नेमकी त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा ऊन स्वच्छ असतं आणि पंखेही बंद. वर्षभरात एसी किंवा विजेची स्कूटर येणार असेल तर तिसरा किलोवॅट घ्या, ती युनिट्स बारा रुपयांच्या टप्प्यात मोडतील. नुसतं "असू दे" म्हणून घेऊ नका.

आता सबसिडी. कोटेशनवर ती वजा करून दाखवलेली असली, तरी ती नंतर, सोलर सुरू होऊन तपासणी झाल्यावर, तुमच्या बँक खात्यात येते. आधी पूर्ण रक्कम उभी करायची, कर्ज काढलंत तर त्याचं व्याजही हिशेबात धरायचं. पॅनेल देशात बनवलेल्या सेलचेच हवेत, स्वस्त आयातीवर सबसिडी नाही. शिवाय ती पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्यातल्या कमी क्षमतेवर मोजतात. कागदावर "3 किलोवॅट" आणि छतावर 540 वॅटचे पाच पॅनेल, म्हणजे 2.7 किलोवॅट झाले. 78,000 ऐवजी 72,600 येतील. पॅनेल मोजा, वॅटने गुणा, दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात जास्त अर्ज लटकतात ते नावामुळे. काकूंचं बिल अजून त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन अकरा वर्षं झाली. पेठांतल्या जुन्या घरांत तर आजोबांच्या नावाची बिलं सर्रास दिसतात. बिल नियमित भरलं जातं, म्हणून कुणाला खटकत नाही. सोलरच्या अर्जात मात्र वीजग्राहकाचं नाव आणि सबसिडीच्या खात्यावरचं नाव जुळायला लागतं. तेव्हा आधी महावितरणकडे नावबदलाचा अर्ज, त्यासोबत मृत्यूचा दाखला आणि घराच्या मालकीची कागदपत्रं. वारसांमध्ये एकमत नसेल तर घोडं तिथेच अडतं. काकूंना एका खिडकीवर इंडेक्स-2 मागितला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं मालमत्ता कराची पावती. एकदम यादी द्यायला काय जातं, कळत नाही. म्हणून सगळं एकाच फायलीत घेऊन जा. विक्रेत्याला आगाऊ रक्कम नावबदल झाल्याशिवाय देऊ नका.

फ्लॅटमध्ये असाल तर गच्ची सोसायटीची, तिच्या लेखी संमतीशिवाय पुढे सरकता येणार नाही.

एक गोष्ट विक्रेता सांगत नाही. बॅटरीशिवायचं सोलर वीजपुरवठा गेला की स्वतःहून बंद पडतं, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. म्हणजे पुण्यातल्या गुरुवारी, दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, तर रखरखीत उन्हातही घरात पंखा फिरणार नाही. काकूंचा त्यावर पहिला प्रश्न होता, "मग त्या दिवसाची युनिट्स?" ती तयारच होत नाहीत.

काकूंनी दोन किलोवॅटचं कोटेशन पक्कं केलं, पण आगाऊ रक्कम अजून दिलेली नाही. नावबदलाचा अर्ज गेल्या आठवड्यात दाखल झाला.