टोपी थंड, पण किती वेळ?

गेल्या महिन्यात एक संदेश मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला: "केमोच्या दिवशी डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवा, एकही केस जाणार नाही." त्याला जोडूनच कुठल्याशा तेलाची जाहिरात होती. तेलाचं आधी सांगून टाकते. केमोथेरपीत केस जातात ते त्वचेखाली, मुळाशी असलेल्या पेशींवर घाव बसतो म्हणून. वरून चोळलेल्या कोणत्याही तेलाने तो घाव थांबल्याचा पुरावा नाही. आजाराने आधीच खचलेल्या माणसाला असलं काही विकणं मला संतापजनक वाटतं. बर्फाच्या गोष्टीत मात्र तथ्य आहे, फक्त ती अर्धवट सांगितली आहे. उरलेला अर्धा भागच जास्त महत्त्वाचा आहे.

केसाच्या मुळाशी कांद्यासारखा एक फुगीर भाग असतो. तिथल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. केमोची बरीचशी औषधं विभागणाऱ्या पेशींनाच गाठतात. ती पेशी कर्करोगाची आहे की केसाची, हे त्यांना कळत नाही. डोक्यावरचे सुमारे 90 टक्के केस कोणत्याही क्षणी वाढीच्या टप्प्यात असतात, म्हणून तिथला फटका इतका मोठा असतो. घाव बसला की त्या दिवसांत तयार होणारा केस बारीक आणि कमकुवत निघतो. तो कमकुवत भाग पृष्ठभागाजवळ आला की केस तुटतो. पहिल्या डोसनंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी उशीवर केस दिसू लागतात, ते यामुळे.

आता थंडीचं काम बघू. टाळूच्या त्वचेचं तापमान एरवी 33-34 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. केमोच्या वेळी रुग्णाच्या डोक्यावर यंत्राला जोडलेली टोपी घालतात आणि तिच्यातून थंड द्रव फिरवून ते साधारण 18 ते 22 अंशांपर्यंत खाली आणतात. त्याने दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तप्रवाह नेहमीच्या 20 ते 40 टक्क्यांवर येतो. म्हणजे औषध मुळापर्यंत कमी पोहोचतं. दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. तापमान 10 अंशांनी उतरलं की बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्म्यावर येतो. 34 अंशांवरून 19 वर आलो तर फरक 15 अंशांचा, म्हणजे वेग जवळपास एक तृतीयांश उरतो. पेशी सुस्तावते. तिचं विभाजन मंदावतं आणि औषध आत घेण्याचा वेगही घटतो. जे थोडंफार औषध पोहोचलं, तेही पेशीत कमी शिरतं.

इथे एक मोह होतो: रक्त 30 टक्के, वेग 35 टक्के, दोन्हींचा गुणाकार करून "संरक्षण 90 टक्के" म्हणायचं. तसं करता येत नाही. आकसलेल्या वाहिनीतूनही रक्त वाहतच असतं आणि त्यातल्या औषधाचं प्रमाण शरीरात इतरत्र असतं तेवढंच असतं. फक्त ते मुळाशी हळू पोहोचतं. पुरेसा वेळ मिळाला तर ते शेवटी तिथे जातंच. म्हणून टोपी म्हणजे औषध अडवणारी भिंत नव्हे. ती फक्त उशीर करते. रक्तातली औषधाची पातळी उंच असते तेवढ्या वेळापुरता हा उशीर पुरला, तर केस वाचतो. पातळी उतरण्याआधीच टोपी काढावी लागली, तर बराचसा फायदा हातचा जातो.

म्हणून कोणाला उपयोग होईल, याचं उत्तर बरंचसं औषधावरच ठरतं. दोन रुग्णांची कल्पना करा. पहिलीला फक्त डोसिटॅक्सेल चाललं आहे. सलाईन सुरू होण्याआधी अर्धा तास टोपी, मग तासभर औषध, आणि त्यानंतर 20 मिनिटं टोपी. एकूण एक तास 50 मिनिटं. पूर्वी औषधानंतर 90 मिनिटं टोपी ठेवत असत. नेदरलँड्समधल्या अभ्यासांत ती वेळ टप्प्याटप्प्याने कमी करून पाहिली, तर डोसिटॅक्सेलसाठी 20 मिनिटंही पुरली. दुसरीला डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड मिळत आहेत. सायक्लोफॉस्फमाइड यकृतात गेल्यावर सक्रिय होतं, त्यामुळे सलाईन संपल्यावरही शरीरात सक्रिय औषध बनतच राहतं. डॉक्सोरुबिसिन डीएनएला घट्ट चिकटतं आणि त्याचे अंश बराच काळ फिरत राहतात. हिला सलाईननंतर दीड तास किंवा अधिक टोपी ठेवूनही शर्यत अवघड जाते.

आकडेही हेच सांगतात. 2017 साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगाच्या 142 स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टोपी वापरलेल्या 95 जणींपैकी 48 जणींचे निम्म्याहून जास्त केस टिकले. न वापरलेल्या 47 जणींपैकी एकीचेही नाही. पण आत डोकावलं तर डोसिटॅक्सेल ज्यात मोडतं त्या टॅक्सेन गटातली औषधं घेणाऱ्यांत यश सुमारे 59 टक्के, तर डॉक्सोरुबिसिनच्या गटातल्या औषधांत सुमारे 16 टक्केच होतं. "यश" या शब्दाचा अर्थही लक्षात घ्या. निम्म्यापर्यंत केस गेले तरी ते यशच धरलं जातं. विगशिवाय बाहेर जाता यावं, हे उद्दिष्ट असतं. एकही केस जाणार नाही, असं वचन कोणी देऊ शकत नाही.

काहींना टोपी देतच नाहीत. ल्युकेमिया, लिम्फोमासारख्या रक्ताच्या कर्करोगात दुष्ट पेशी रक्तातून सर्वत्र फिरतात आणि टाळूतही लपू शकतात. तिथे औषध मुद्दाम कमी पोहोचवणं धोक्याचं ठरेल. टाळूवर कर्करोग पसरला असेल, थंडीने अंगावर गांधी उठत असतील किंवा थंडीत रक्तपेशी एकमेकींना चिकटण्याचा आजार असेल, तरीही नाही. स्तनाच्या कर्करोगात मात्र "डोक्यात औषध पोहोचलं नाही तर आजार तिथेच लपून बसेल" ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. टाळूवर आजार पसरण्याचं प्रमाण टोपी वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या स्त्रियांत फारच कमी होतं आणि त्यात लक्षणीय फरक नव्हता.

आता बर्फाच्या पिशवीकडे परत येऊ. पिशवी डोक्यावर सगळीकडे सारखी टेकत नाही, आणि वितळता वितळता तिचं थंडावणं कमी होत जातं. तिच्या थेट स्पर्शाने त्वचाही भाजू शकते. खरं तर सगळीकडे सारखं न टेकण्याची अडचण यंत्राच्या टोपीलाही असते. केसांमध्ये अडकलेली हवा उष्णता रोखते, म्हणून टोपी घालण्याआधी केस ओले करतात आणि टोपी डोक्याला अगदी चापून बसवतात. पहिली 10-15 मिनिटं सगळ्यांत कठीण असतात. डोकं दुखतं, कपाळ बधिर होतं, मळमळतं. नंतर बहुतेकांना ते सोसवतं, काहींना नाही, आणि त्यांनी थांबवलं तर त्यात काही गैर नाही.

तिसऱ्या आठवड्यात केस विरळ होऊ लागले की अनेकजणी घाबरून टोपी सोडतात. सगळीकडून थोडे थोडे केस गळत असतील तर ते अपेक्षितच आहे. एकाच ठिकाणी, बहुधा माथ्यावर, रुपयाएवढा मोकळा गोल दिसला तर तिथे टोपी नीट टेकत नव्हती असा अर्थ घ्यावा आणि पुढच्या वेळी नर्सला ती जागा दाखवावी. टोपीचा आकार बदलून किंवा पट्टा ओढून बसवून पुढच्या डोसला तिथलं अंतर कमी करता येतं.