थेट त्या वाक्यावर नेणारी लिंक: `#:~:text=` कसं चालतं

कुणीतरी लांबलचक लेखाची लिंक पाठवतं आणि खाली लिहितं "मधे कुठेतरी आहे बघ, मधमाशीच्या डोळ्यांबद्दल". मग आपण बसतो बोट झिजवत. खरं तर त्या माणसाला लिंकमधेच सांगता आलं असतं की पेज उघडल्या उघडल्या नेमक्या त्या वाक्यावर जा आणि ते रंगवून दाखव. ही सोय क्रोममधे २०२० पासून आहे, सफारीत २०२२ ला आली, फायरफॉक्सने २०२४ मधे घेतली, म्हणजे आता जवळपास सगळीकडे चालते. तिला टेक्स्ट फ्रॅगमेंट म्हणतात. गुगलवर काही शोधून रिझल्टवर क्लिक केलं की कधीकधी पेज मधूनच उघडतं आणि एक वाक्य रंगवलेलं दिसतं ना, ते हेच.

आधी जुनी पद्धत. लिंकच्या शेवटी `#` आणि एखादं नाव, म्हणजे पेजच्या आत त्या नावाची जी जागा असेल तिथे ब्राउझर उडी मारतो. पण ते नाव पेज बनवणाऱ्याने आधी देऊन ठेवलेलं असावं लागतं. त्याने फक्त मोठ्या मथळ्यांना नावं दिली असतील तर आपल्याला चौथ्या पॅरातलं तिसरं वाक्य दाखवायचा काहीच मार्ग नाही. नव्या पद्धतीत पेजवाल्याची गरजच संपते, कारण लिंकमधे जागेचं नाव नसतं, तिथला मजकूरच असतो. ब्राउझर तो मजकूर पेजमधे शोधतो.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा `example.com/bee` या पेजवर असं लिहिलंय:

"मधमाशीला पाच डोळे असतात. दोन मोठे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, आणि तीन छोटे डोळे डोक्यावर असतात. छोट्या डोळ्यांना नीट चित्र दिसत नाही, उजेड किती आहे एवढंच कळतं."

पहिलं वाक्य दाखवायचं तर लिंक अशी:

```
https://example.com/bee#:~:text=मधमाशीला%20पाच%20डोळे
```

`%20` म्हणजे स्पेस. आणि ते विचित्र `:~:` मुद्दाम निवडलंय, कारण आधीपासून वापरात असलेल्या लिंकांमधे अशी चिन्हं सहसा एकापाठोपाठ येत नाहीत, त्यामुळे कुणाची जुनी लिंक चुकून बिघडणार नाही. ब्राउझरला हे चिन्ह दिसलं की तिथून पुढचा भाग तो स्वतःकडे ठेवतो, सर्व्हरला पाठवत नाही (`#` नंतरचं काहीच तसंही सर्व्हरला जात नाही) आणि पेजवरच्या जावास्क्रिप्टलाही दाखवत नाही. लिंकमधे `#` आणि `:~:` यांच्या मधे काही नसेल तर `#` नंतरचा भाग पेजला देणारं `location.hash` रिकामं येतं. म्हणजे तुम्ही कुठल्या वाक्यासाठी आलात हे `location.hash` वाचून पेजला कळत नाही.

आता खरी गंमत. समजा त्याच पेजच्या वर अनुक्रमणिका आहे आणि तिच्यात "छोटे डोळे" असं एक शीर्षक आहे. तुम्ही `text=छोटे%20डोळे` लिहिलंत तर ब्राउझर पहिला सापडलेला तुकडा धरतो, अनुक्रमणिकेतला, आणि तिथेच थांबतो. हे फार वेळा होतं आणि लोकांना वाटतं लिंकच बिघडली. उपाय असा की आधीचा आणि नंतरचा शब्दही द्यायचा. आधीच्या शब्दानंतर डॅश आणि स्वल्पविराम, नंतरच्या शब्दाआधी स्वल्पविराम आणि डॅश:

```
#:~:text=तीन-,छोटे%20डोळे,-डोक्यावर
```

इथे "तीन" आणि "डोक्यावर" फक्त ओळख पटवायला आहेत, रंगतात फक्त मधले दोन शब्द. अनुक्रमणिकेत "छोटे डोळे" च्या आधी "तीन" नाही त्यामुळे ते वगळलं जातं. म्हणून स्वल्पविराम, डॅश आणि `&` ही तीन चिन्हं तुमच्या मजकुरातच असतील तर ती तशीच लिहायची नाहीत, `%2C`, `%2D` आणि `%26` अशी लिहायची, नाहीतर ब्राउझर त्यांना व्याकरणाचा भाग समजतो आणि भलतंच शोधत बसतो.

मोठा भाग दाखवायचा असेल तर पूर्ण मजकूर कोंबायची गरज नाही, सुरुवात आणि शेवट एवढंच द्या, मधे स्वल्पविराम:

```
#:~:text=मधमाशीला%20पाच,एवढंच%20कळतं
```

मधलं सगळं रंगतं. अजून एक, सलग मजकूर दिला तर तो एकाच पॅरातला असावा लागतो, पॅरा ओलांडून शोधत नाही. सुरुवात-शेवट पद्धतीला ती अट नाही, दोन टोकं वेगवेगळ्या पॅरात असली तरी चालतं. मधे एखादा शब्द ठळक किंवा तिरका केलेला असला तर त्याने काही बिघडत नाही.

आता मराठीत लिहिणाऱ्यांनी खास लक्ष द्यावं अशी गोष्ट. ब्राउझर फक्त पूर्ण शब्दच जुळवतो. `text=मधमाशी` लिहिलंत आणि पेजवर सगळीकडे "मधमाशीला", "मधमाशीचे", "मधमाशीने" असंच असेल तर काहीही सापडणार नाही, पेज निमूटपणे वरूनच उघडेल. आणि मराठीत शब्द सुटा असतो किती वेळा? प्रत्यय चिकटलेलेच असतात. फसायला होतं ते यामुळे की पेजवर कंट्रोल-एफ करून "मधमाशी" शोधलं तर धडाधड सापडतं, कारण तिथे शब्दाचा तुकडाही चालतो. पेजमधे शोधून सापडतं पण लिंकने जात नाही असं झालं की पहिला संशय यावरच घ्यायचा. दुसरा संशय शुद्धलेखनावर, पेजवर "नाहि" छापलंय आणि तुम्ही टाइप केलंत "नाही", की गेलं. त्यामुळे हाताने टाइप करूच नका, पेजवरून कॉपी करा, ते चुकीचं असेल तर चुकीचंच.

पण पूर्ण शब्दाची ही अट आहे कशाला? लोकांना छळायला नाही, सुरक्षेसाठी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच भाग सगळ्यात वाचण्यासारखा आहे. ही सोय आली तेव्हा ब्रेव्ह ब्राउझरच्या पीटर स्नायडर यांनी आक्षेप घेतला होता तो साधारण असा: समजा मी ऑफिसच्या नेटवर्कवर बसून कोण कुठल्या साइटला जातंय ते बघू शकतो. मी एका सहकाऱ्याला कंपनीच्या आरोग्य पोर्टलची लिंक पाठवतो, शेवटी `#:~:text=cancer` लावून. तो लॉगिन केलेला आहे त्यामुळे त्याचंच पान उघडणार. त्या पानावर तो शब्द असेल तर पान खाली सरकणार, नसेल तर वरच राहणार. आणि खालचे फोटो तिथवर सरकल्यावरच लोड होत असतील आणि वेगळ्या सर्व्हरवरून येत असतील, तर मला त्याची स्क्रीन न बघताही नुसत्या नेटवर्कवरून कळणार की पान सरकलं. म्हणजे एका हो-नाही प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि तेही कुणाच्या आजाराबद्दलचं.

आता असे प्रश्न एका मागून एक हजारो विचारता आले तर? शब्दाचा तुकडा चालत असता तर पासवर्ड किंवा खाते क्रमांकासारखी गोष्ट एकेक अक्षर वाढवत उलगडता आली असती, आधी "१", मग "१७", मग "१७४". पूर्ण शब्दाच्या अटीमुळे तो रस्ता अवघड होतो, सगळा शब्द एकदम ओळखावा लागतो. शिवाय क्लिकची अटही आहे: साधारणपणे माणसाने खरोखर क्लिक केल्यावर एकदाच हे चालतं, स्क्रिप्टने मागच्या मागे शंभर लिंका उघडून चालत नाही. दुसऱ्या साइटच्या पेजमधे फ्रेम म्हणून बसवलेल्या पानातही चालत नाही. आणि ज्या साइटला हे नकोच आहे तिच्यासाठी सर्व्हरकडून पाठवायची एक ओळ आहे:

```
Document-Policy: force-load-at-top
```

ही असली की पेज कायम वरूनच उघडतं. त्यामुळे एखाद्या साइटवर तुमची बरोबर लिंकही सरकत नसेल तर हे कारण असू शकतं, तुमची चूक असेलच असं नाही. स्नायडर यांचा मुद्दा या अटींनी पूर्ण मिटला असं मला वाटत नाही, कारण त्यांच्या उदाहरणात क्लिक माणूसच करतो आणि शब्दही पूर्णच आहे. धोका छोटा झाला एवढंच म्हणता येईल.

बिघाडाचं बोलायचं तर सगळ्यात मोठी अडचण ही की बिघाड दिसतच नाही. मजकूर सापडला नाही तर एरर येत नाही, "वाक्य बदललंय" असंही कुणी सांगत नाही, नेहमीसारखं पेज उघडतं. लेखकाने नंतर "पाच" च्या जागी "५" केलं की तुमची लिंक मेली आणि तुम्हाला पत्ताही नाही. यावर एक चांगली युक्ती आहे, जुनी आणि नवी पद्धत एकत्र करायची. पेजमधे `eyes` नावाची जागा असेल तर

```
#eyes:~:text=मधमाशीला%20पाच%20डोळे
```

वाक्य सापडलं तर तिथे, नाही सापडलं तर निदान त्या विभागाच्या सुरुवातीला. जे पेज वारंवार बदलतं त्याच्यासाठी मी तरी अशीच लिंक करेन, आणि वाक्यही अख्खं न घेता त्यातले तीन-चार न बदलणारे शब्द घेईन. लॉगिन मागणारं पेज मधे आलं किंवा स्क्रिप्टने दुसरीकडे पाठवलं तरी शेपूट गळून पडू शकतं, तिथे काही इलाज नाही.

शेवटचं, लांबीचं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह लिंकमधे तीन बाइटचं होतं आणि प्रत्येक बाइट `%` धरून तीन अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं, आणि काना-मात्रा वेगळं चिन्ह मोजायचं. "पाच" हा एवढासा शब्द असा दिसतो:

```
%E0%A4%AA%E0%A4%BE%E0%A4%9A
```

२७ अक्षरं. "मधमाशीला पाच डोळे" ची होतात १४१. मेसेजमधे ती लिंक भयानक दिसते, पण तशीच राहू द्या, कारण देवनागरी अक्षरं तशीच ठेवली की काही अ‍ॅप लिंक मधेच तोडतात आणि उरलेला भाग साधा मजकूर म्हणून दाखवतात. हाताने हे कुणी करत नाही अर्थात. क्रोममधे वाक्य सिलेक्ट करून राइट क्लिक केलं की मेनूत `Copy link to highlight` येतं, तोच आधीचे-नंतरचे शब्द लागतील तिथे घालतो. फक्त पाठवण्याआधी ती लिंक एकदा नव्या टॅबमधे उघडून बघा, रंगलंय का आणि जिथे हवं तिथेच रंगलंय का.