स्पिन होऊनही कपड्यांतून पाणी टिपकतंय? फोन करण्याआधी हे वाचा

"मशीन चालतंय, पण कपडे पिळले जात नाहीत. बेल्ट सैल झालाय का?" आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. बेल्ट कधी कधी सैल असतोही. पण टॉप लोड मशीनच्या बाबतीत बऱ्याचदा दोष कपडे टाकण्यात असतो, आणि तो तुम्हाला घरीच दूर करता येतो.

नेहमीचं उदाहरण घ्या. सात किलोचं मशीन, आत एकच सोलापुरी चादर आणि दोन उशीचे अभ्रे. वजन कमी, म्हणजे मशीनला सोपं, असं वाटतं. प्रत्यक्षात भिजलेली चादर एका बाजूला गोळा होते आणि समोरची बाजू रिकामी राहते. ड्रम फिरू लागला की त्या बाजूला ओढ बसते. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते, त्यामुळे मशीन धडधडतं. हे जाणवलं की ते स्वतःच थांबतं, थोडं पाणी घेऊन कपडे हलवतं आणि पुन्हा स्पिन करून पाहतं. म्हणूनच नऊ मिनिटांवर आलेली वेळ परत वाढलेली दिसते. तरीही तोल जमला नाही तर काही मशीन कमी वेगावरच काम उरकतात, काही थांबून UE असा कोड दाखवतात (कोड कंपनीप्रमाणे बदलतो). पाणी बाहेर फेकणारा जोरही वेगाच्याच हिशोबाने चालतो. सातशेऐवजी साडेतीनशे फेऱ्यांवर तो चौथाईवर येतो. मग पाणी टिपकणारच.

इथे बहुतेक जण एकच चूक करतात. झाकण न उघडता पुन्हा स्पिन लावतात, मग आणखी एकदा. गोळा तिथेच असतो, त्यामुळे निकालही तोच. तासभर जातो आणि मशीनच्या सस्पेन्शन रॉडना फुकटचे हादरे बसतात.

त्याऐवजी मशीन थांबवा आणि ड्रम पूर्ण थांबला की झाकण उघडा. चादर बाहेर काढून गाठ-पीळ सोडवा आणि ड्रमच्या कडेने गोल पसरून ठेवा. सोबत तशीच दुसरी चादर किंवा दोन-तीन मोठे टॉवेल समोरच्या बाजूला टाका. मग फक्त स्पिन लावा. गादीवरचं वॉटरप्रूफ कव्हर आणि रेनकोट मात्र स्पिनमध्ये टाकूच नका. त्यांच्यात पाणी पिशवीसारखं साठतं आणि वेगात असताना मशीन जागेवरून उडू शकतं.

कपडे नीट पसरूनही फरक पडला नाही तर ड्रमच्या तळाशी पाहा. पाणी साचलेलं असेल तर प्रश्न निचऱ्याचा आहे. पाणी गेल्याशिवाय मशीन वेग घेत नाही. आपल्याकडे ड्रेन पाइप मोरीच्या कठड्यावरून किंवा बाथरूमच्या उंबऱ्यावरून आत सोडायची पद्धत आहे. ज्या टॉप लोडला ड्रेन पंप नसतो, त्यात पाणी केवळ उताराने जातं, त्यामुळे पाइप जमिनीलगतच हवा. पाइप दुमडलाय का, जोड देऊन फार लांब केलाय का, हेही पाहा. फ्रंट लोडमध्ये पंप असतो, तिथे खाली समोरच्या झाकणामागची जाळी साफ करा. नाणी, केसांच्या पिना, मोजेसुद्धा निघतात. आधी पाणी गार होऊ द्या आणि खाली ताट ठेवा, नाहीतर घरभर पाणी होईल.

शेवटची परीक्षा म्हणजे रिकामं मशीन स्पिनला लावणं. रिकामं असताना जोरात फिरत असेल तर दोष बहुधा बेल्टचा नसतो. रिकामं असूनही संथ फिरत असेल, किंवा सेमी-ऑटोमॅटिकचा ड्रायर नुसता घुमत असेल आणि फिरत नसेल, तर आम्हाला बोलवा. मग कपॅसिटर, ब्रेक, बेल्ट किंवा क्लच यांपैकी काय ते उघडून पाहावं लागतं. नाजूक कपड्यांचा प्रोग्राम मुळातच कमी वेगाचा असतो. तो लागलेला नाही ना, तेवढं बघून घ्या.

फोनवर आम्ही इतके प्रश्न का विचारतो, असं काही जणांना वाटतं. माणूस घरी आला की तपासणीचे पैसे घ्यावेच लागतात, मग दोष चादरीचा निघाला तरी. ते तुमचे वाचावेत म्हणून ही विचारपूस. "बेल्ट बदलूनच टाका" म्हटलं तरी तपासल्याशिवाय आम्ही तो बदलत नाही. वार्षिक सर्व्हिस घेणाऱ्यांकडे मशीनची लेव्हल, पाइपची उंची आणि सस्पेन्शन त्याच भेटीत बघून देतो. या तक्रारी त्यामुळे बऱ्याच टळतात.

फोन करताना मशीन टॉप लोड की फ्रंट लोड, आत काय काय होतं आणि रिकामं कसं फिरलं, एवढं सांगा. कपडे उपसण्याआधी ड्रमच्या आतला एक फोटो काढून पाठवलात, तर अनेकदा आमच्या येण्याची गरजच उरत नाही.