कांद्याचा भाव आणि सराफाची पेढी

पाऊस चांगला झाला की दिवाळीला सोनं खपणार, असं नाशिक जिल्ह्यात सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. मात्र शेत आणि सराफाची पेढी यांच्या मध्ये लासलगावचा लिलाव असतो, आणि कांदा भरमसाट आला की तिथे भाव पडतो.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. एका एकरात 100 क्विंटल उन्हाळ कांदा निघाला आणि रोपांपासून वाहतुकीपर्यंत 1,20,000 रुपये खर्च आला. क्विंटलला 1,500 रुपये भाव मिळाला तर हातात 30,000 उरतात. 2,400 मिळाला तर 1,20,000 उरतात. म्हणजे भाव 60 टक्क्यांनी वाढला, पण शिल्लक चौपट झाली. उलट पीक 120 क्विंटल आलं आणि भाव 1,000 वर घसरला, तर उत्पादन वाढूनही काहीच उरत नाही.

सोनं या शिल्लकेतून घेतलं जातं. त्याआधी सोसायटीचं पीककर्ज, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि पुढच्या लागवडीचं भांडवल बाजूला निघतं. म्हणून उत्पन्नात थोडा फरक पडला, तरी सोन्याच्या खरेदीत मोठा फरक दिसतो.

पण उरलेला पैसा सोन्यातच का? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1957 मध्ये मांडलं होतं की अचानक वाढलेलं उत्पन्न माणूस रोजच्या खर्चात फारसं घालत नाही, त्यातला मोठा भाग साठवतो. शेतकऱ्याला तर ठाऊकच असतं की यंदाचा भाव पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही. त्यात सोनं ग्रॅमनेही घेता येतं, मुलीच्या लग्नाला चालतं आणि अडचणीत तासाभरात तारण ठेवता येतं. माझ्या मते हा शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा आहे. पावसावर चालणाऱ्या घरात अंगावरची पोत म्हणजे विमाच असतो.

वेळही जुळून येते. एप्रिल-मेमध्ये काढलेला कांदा चाळीत साठवतात आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत थोडा थोडा विकतात. त्यामुळे शेवटच्या गाड्यांचे पैसे दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात, आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. मात्र चाळीत कांदा सडतो, त्याचं वजनही घटतं. चढा भाव मिळूनही विकायला कमी माल उरला, तर खरेदी लांबते.

सरकारी निर्णयही हे गणित फिरवतात. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने कांदा निर्यातबंदी केली, तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. भाव कोसळले. शेतात पीक उभं होतं, तरी शिल्लक आटली.

सोनं स्वतःच महागलं की कुटुंबं कमी वजनाचे दागिने बघतात किंवा जुनी मोड देऊन नवं घडवतात. पेढीवरची उलाढाल तेव्हा रुपयांत फुगलेली दिसते, पण ग्रॅममध्ये नवं सोनं घरात फारसं आलेलं नसतं. शेतीचा पैसा खरंच सोन्यात गेला का, हे पाहायचं असेल तर मोड वजा करून उरलेलं वजन मोजावं लागतं.