थंड होऊनही एन्ट्रॉपी वाढते: आल्तिनोवरून सुटलेल्या फुग्याचा हिशोब

पणजीला आल्तिनोच्या टेकडीवर हवामान खात्याचं केंद्र आहे. तिथून हायड्रोजन भरलेले फुगे वातावरणात सोडले जातात. फुग्याखाली रेडिओसोंड नावाची छोटी पेटी लटकत असते आणि वर जाता जाता ती तापमान, दाब आणि आर्द्रता खाली कळवत राहते. आपल्याला मात्र आज पेटीपेक्षा फुग्यातल्या वायूत जास्त रस आहे. वर जाताना तो एकाच वेळी थंडही होतो आणि प्रसरणही पावतो. थंड झाल्याने एन्ट्रॉपी घटते, प्रसरणाने ती वाढते. मग एकूण काय होतं? हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही, आकडे मांडावे लागतात.

एन्ट्रॉपीची व्याख्या रुडॉल्फ क्लॉसियसने 1865 साली दिली. एखाद्या पदार्थाला अगदी सावकाश, प्रत्येक क्षणी समतोल राखून उष्णता दिली, तर त्या उष्णतेला त्या क्षणाच्या निरपेक्ष तापमानाने भागल्यावर जे येतं, तेवढी त्याची एन्ट्रॉपी वाढते. निरपेक्ष तापमान म्हणजे केल्विनमधलं. आदर्श वायूला उष्णता दिली की तिचे दोन वाटे होतात. एक वाटा वायू तापवण्यात जातो, दुसरा वायू बाहेर ढकलत जे कार्य करतो त्यात. पहिला वाटा n Cv dT, दुसरा P dV. दोन्हींना T ने भागायचं. आदर्श वायूत P/T म्हणजे nR/V, त्यामुळे दुसऱ्या वाट्यातून तापमान निघून जातं आणि फक्त आकारमान उरतं. सगळे बारीक तुकडे बेरजेला घेतले की हे सूत्र मिळतं:

ΔS = n Cv ln(T2/T1) + n R ln(V2/V1)

n म्हणजे मोलची संख्या, Cv म्हणजे आकारमान स्थिर ठेवून एक मोल वायू एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता, R म्हणजे 8.314 जूल प्रति मोल प्रति केल्विन, आणि ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. पहिलं पद फक्त तापमानाचं आहे, दुसरं फक्त आकारमानाचं. एकाचा दुसऱ्यात पाय नाही. सूत्राची खरी सोय हीच, म्हणून दोन्ही राशी एकदम बदलल्या तरी गोंधळ होत नाही.

आता फुगा घेऊ. हिशोबापुरतं धरू की सुटताना त्यात एक घनमीटर हायड्रोजन आहे, तापमान 27 अंश सेल्सियस म्हणजे 300 केल्विन, आणि दाब 1000 हेक्टोपास्कल. PV = nRT वरून मोल निघतात साधारण 40. फुगा मिनिटाला सुमारे 300 मीटर चढतो, म्हणजे पाऊण तासाच्या आत तो बारा किलोमीटरवर पोचतो. आपल्या उष्ण कटिबंधात एवढ्या उंचीवर दाब 200 हेक्टोपास्कलच्या आसपास असतो आणि तापमान उणे 53 अंशांच्या, म्हणजे 220 केल्विनच्या आसपास. फुग्याच्या रबराचा ताण दाबात थोडी भर घालतो, ती सोडून देऊ. आतला वायू बाहेरच्या हवेइतकाच थंड झालाय असंही धरू.

आधी आकारमान काढायला हवं, आणि नेमकी इथेच पुष्कळांची चूक होते. दाब पाचपट उतरला म्हणून आकारमान पाचपट झालं, असं पटकन लिहिलं जातं. पण वायू थंडही झालाय, म्हणून V2/V1 = (1000/200) × (220/300) = 3.67. फुगा पाचपट नव्हे, पावणेचारपटीहून थोडा कमी फुगला.

हायड्रोजनचं Cv इथे 20 जूल प्रति मोल प्रति केल्विन घेतो. हा आकडा असा का, ते पुढे येईलच. आता दोन्ही पदं:

तापमानाचं पद: 40 × 20 × ln(220/300) = 800 × (−0.310) = −248 जूल प्रति केल्विन

आकारमानाचं पद: 40 × 8.314 × ln(3.67) = 332.6 × 1.299 = +432 जूल प्रति केल्विन

बेरीज: +184 जूल प्रति केल्विन.

वायू 80 अंशांनी थंड झाला, तरी त्याची एन्ट्रॉपी वाढली. प्रसरणाचं पारडं जड ठरलं.

या उत्तराचा पडताळा घ्यायची एक पक्की रीत आहे. तेच सूत्र दाबाच्या भाषेतही लिहिता येतं: ΔS = n Cp ln(T2/T1) − n R ln(P2/P1), आणि Cp म्हणजे Cv + R, इथे 28.314. आकडे घातले की −351 आणि +535 येतात, बेरीज पुन्हा 184. दोन्ही वाटांनी उत्तर एकच यायला हवं. येत नसेल तर बहुधा Cv बरोबर दाबाचं गुणोत्तर वापरलेलं असतं. आपल्या उदाहरणात ती चूक केली असती तर 184 ऐवजी 287 आलं असतं, आणि दिसायला तोही आकडा काही वावगा वाटत नाही. म्हणून हा पडताळा न चुकता घ्यावा.

दुसरी नेहमीची चूक सेल्सियसची. इथे 27 आणि उणे 53 घातले तर गुणोत्तर ऋण येतं, त्याचा लॉगॅरिदम निघतच नाही आणि चूक लगेच पकडली जाते. पण 30 अंशांवरून 15 अंशांवर आलेला वायू घ्या. सेल्सियसमध्ये गुणोत्तर 0.5 येतं, केल्विनमध्ये 0.95. लॉगॅरिदम तेरापटींहून अधिक चुकतो, आणि कॅल्क्युलेटर काही बोलत नाही.

आता एक रास्त शंका. खरा फुगा चढताना तापमान आणि आकारमान दोन्ही एकदम बदलतात, मग सूत्रातली दोन वेगळी पदं कुठल्या प्रवासाची? समजा आपण वायूला आधी आकारमान न बदलता 220 केल्विनपर्यंत थंड केलं आणि मग त्याच तापमानाला सावकाश प्रसरण पावू दिलं. थंड करताना त्यातून 64 किलोजूल बाहेर गेले, प्रसरणात 95 किलोजूल आत आले. निव्वळ आत आलेली उष्णता 31 किलोजूल. आता क्रम उलटा करू: आधी 300 केल्विनलाच प्रसरण, मग थंड करणं. या वेळी प्रसरणात जवळजवळ 130 किलोजूल आत येतात, नंतर तेच 64 बाहेर जातात, निव्वळ 66 किलोजूल. दोन वाटांच्या उष्णतेत दुपटीचा फरक! पण 95 किलोजूलला 220 ने भागा किंवा 130 किलोजूलला 300 ने, उत्तर 432 जूल प्रति केल्विनच्या आसपासच येतं. उष्णता वाटेवर ठरते, एन्ट्रॉपीतला बदल फक्त सुरुवात आणि शेवट बघतो. म्हणून खऱ्या फुग्याची वाट कितीही वेडीवाकडी असली तरी हिशोबासाठी आपण आपल्या सोयीची वाट धरू शकतो.

मला या उदाहरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते त्या अधिक चिन्हातून निघणारं अनुमान. सावकाश चढणाऱ्या फुग्यातल्या वायूची एन्ट्रॉपी वाढली, याचा अर्थ त्याला बाहेरून उष्णता मिळाली. उणे 53 अंशांच्या हवेने हायड्रोजनला ऊब दिली म्हणायची. ऐकायला विचित्र वाटतं, पण उष्णता अजिबात आत येऊ दिली नसती तर काय झालं असतं ते बघा. मग बेरीज शून्य यायला हवी होती, म्हणजे थंड होण्याने जेवढी एन्ट्रॉपी गेली तेवढीच प्रसरणाने भरून निघायला हवी होती. त्या अटीवरून शेवटचं तापमान निघतं T2 = 300 × (0.2)^(8.314/28.314), म्हणजे सुमारे 187 केल्विन, उणे 86 अंश. आकारमान 3.12 पट. पडताळून पाहा: तापमानाचं पद −378, आकारमानाचं +378.

म्हणजे हायड्रोजन स्वतःच्या प्रसरणानेच उणे 86 पर्यंत गेला असता. भोवतालची हवा त्याहून 33 अंशांनी उबदार, म्हणून चढताना फुग्याच्या पातळ रबरातून उष्णता सतत आत झिरपत राहते. ती किती, हे एन्ट्रॉपीवरून अंदाजता येतं: 184 ला सरासरी तापमान 260 ने गुणलं की सुमारे 48 किलोजूल. मघाच्या 31 आणि 66 च्या बरोबर मध्ये. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी साडेअकरा अंशांनी तापेल. मधली वाट आपण अंदाजाने धरली आहे, म्हणून 48 हा आकडाही अंदाजाचाच. 184 मात्र त्या अंदाजावर अवलंबून नाही.

आता Cv चं राहिलेलं. सूत्रात आपण ते स्थिर धरलं. नायट्रोजनसाठी या तापमानांत ते अगदी चालतं. हायड्रोजनचा रेणू मात्र फार हलका आहे, आणि हलक्या रेणूच्या फिरण्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या दूरदूर असतात. जसजसं थंड होतं तसतसे बरेच रेणू वरच्या पायरीवर चढू शकत नाहीत आणि उष्णता साठवायची वायूची क्षमता घटते. त्यामुळे 300 केल्विनला जवळजवळ 20.5 असलेलं Cv 220 केल्विनला साडेएकोणीसच्या आसपास येतं. मधला 20 घेतल्याने आपलं उत्तर जवळजवळ नेमकं राहिलं. सरसकट 20.5 घेतलं असतं तर बेरीज 184 ऐवजी 178 आली असती. फुगा आणखी थंड थरात गेला की ही चूक वाढत जाते, आणि मग Cv चा तक्ता घेऊन तापमानाच्या छोट्या टप्प्यांत बेरीज करणंच बरं.

आकारमानाच्या पदाला अशी अडचण नाही. इथले दाब वातावरणाइतके किंवा त्याहून कमी आहेत, आणि अशा दाबाला हायड्रोजन आदर्श वायूसारखाच वागतो. सूत्राची हद्द संपते ती फुगा तीसेक किलोमीटरवर फुटतो तेव्हा. हायड्रोजन हवेत मिसळतो, आणि मिसळण्याची स्वतःची वेगळी एन्ट्रॉपी असते. ती मोजायला दोन पदं पुरत नाहीत, प्रत्येक वायूचा हिशोब वेगळा मांडावा लागतो.